साखर न घातलेली वडी आणि शेजारच्या ट्रेमधली जुनी वडी

प्रश्न: आमचे मिठाईचे दुकान आहे. आमची बदामाची वडी सर्वांत जास्त खपते आणि तिचा शुगर-फ्री प्रकार आणावा अशी मागणी बरेच ग्राहक करतात. तो आणायचा आहे, पण त्याचे कौतुक करायला गेले की जुनी वडी तब्येतीला वाईट आहे असे आपणच कबूल केल्यासारखे होते. पाटीवर काय लिहावे आणि ग्राहकाला काय सांगावे?

उत्तर:

आपली अडचण जाहिरात कमी-जास्त करून सुटणारी नाही, कारण ती विशेषणांमुळे निर्माण होते. दोन्ही वड्या एकाच दुकानात, एकाच नावाखाली आणि एकाच काचेमागे असतात. त्यामुळे एकीला लावलेले प्रत्येक विशेषण उलटे होऊन दुसरीला चिकटते. ‘आरोग्यदायी’ म्हटले की शेजारची अनारोग्यकारक ठरते आणि ‘हलकी’ म्हटले की शेजारची जड ठरते. ज्याच्याकडे फक्त बिनसाखरेचेच पदार्थ आहेत त्याला असे शब्द वापरता येतात, आपल्याला येत नाहीत. म्हणून मी एकच नियम पाळतो. वडीत काय आहे आणि काय नाही ते लिहावे, ती खाणाऱ्याच्या शरीराचे काय करील ते लिहू नये.

हे शहाणपण मला आधीपासून होते असे नाही. बिनसाखरेचा पहिला प्रकार आणला तेव्हा मी काउंटरवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती: ‘आता निश्चिंत होऊन गोड खा.’ दुसऱ्याच दिवशी वर्षानुवर्षे जुनी वडी नेणाऱ्या एक बाई पाटीकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे आजवर आम्ही चिंता करायला हवी होती, असंच ना?” त्या रागावल्या नव्हत्या, पण नेहमीच्या एक किलोऐवजी त्यांनी अर्धाच किलो वडी नेली आणि नवीन तर घेतलीच नाही. त्याच आठवड्यात एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी पाटीवर विश्वास ठेवून एका बैठकीत सहा-सात तुकडे खाल्ले होते आणि रात्रभर त्यांचे पोट बिघडले होते. एकाच वाक्याने जुन्या ग्राहकाला अपराधी वाटायला लावले होते आणि नव्या ग्राहकाला बेसावध केले होते. दोन्ही गोष्टींचे मूळ एकच होते. मी पदार्थाबद्दल न बोलता खाणाऱ्याच्या मनःस्थितीबद्दल आश्वासन देऊन बसलो होतो.

आता नावाकडे येऊ, कारण निम्मे काम तिथेच होते. आपण ‘शुगर-फ्री’ हा शब्द वापरला आहे. बदामाच्या वडीवर तो बहुधा लावता येणार नाही. अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत आणि त्यांवर बेतलेल्या अनेक देशांच्या नियमांत या शब्दासाठी १०० ग्रॅम पदार्थात जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर अशी मर्यादा आहे, आणि तिच्यात पदार्थातली मूळची साखरही धरली जाते. बदामात १०० ग्रॅममागे सुमारे चार ग्रॅम साखर निसर्गतःच असते. वडीत निम्मा बदाम असला तरी १०० ग्रॅम वडीत दोन ग्रॅमच्या आसपास साखर राहते, म्हणजे मर्यादेच्या चौपट. वडीत आटवलेले दूध किंवा दुधाची भुकटी असेल तर दुधातली साखर धरून हा आकडा आणखी बराच वर जातो. काही देशांत ही मर्यादा १०० ग्रॅमवर न मोजता एका वेळी खाल्ल्या जाणाऱ्या प्रमाणावर मोजतात, त्यामुळे आपल्या इथला नियम आपण पाहून घ्यावा.

म्हणून मी ‘साखर न घातलेली बदाम वडी’ असे नाव देतो आणि खाली बारीक अक्षरांत ‘बदामात निसर्गतः असलेली साखर आहे’ ही ओळ देतो. युरोपात अशा दाव्याबरोबर ही ओळ द्यावी असेच नियम सांगतो, आणि तसा नियम नसेल तिथेही ती द्यावी, असे माझे मत आहे. मात्र या नावालाही एक अट आहे. साखरेऐवजी मध, खजूर किंवा फळांचा घट्ट केलेला रस घालून ‘साखर न घातलेली’ म्हणता येत नाही, कारण तीही गोडीसाठी घातलेली साखरच असते. आपला आचारी खजुराचा पर्याय सुचवत असेल तर तो पदार्थ जरूर करावा, पण त्याला ‘खजुराची बदाम वडी’ म्हणावे.

या नावाचा दुसरा फायदा आपल्या मूळ प्रश्नाशी जोडलेला आहे. ‘फ्री’ या शब्दात सुटका झाल्याचा भाव असतो आणि सुटका वाईट गोष्टीपासूनच होते. ‘न घातलेली’ हे केवळ कृतीचे वर्णन आहे. मीठ न घातलेले दाणे कोणी विकले म्हणून खारवलेल्या दाण्यांचा अपमान होत नाही, तसेच हे आहे.

आता आकडे पाहू, कारण जुनी वडी ‘वाईट’ आणि नवी ‘चांगली’ ही समजूत आकड्यांसमोर ठेवली की बरीच सैल पडते. सोयीसाठी असे धरू की जुन्या वडीच्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅम बदाम, ४२ ग्रॅम साखर आणि बाकी ओलावा आहे. बदामातून सुमारे २९० कॅलरी येतात आणि साखरेतून १६८, म्हणजे एकूण ४५८ च्या आसपास. नव्या वडीत साखरेच्या जागी तेवढेच माल्टिटॉल हे गोडद्रव्य घातले, तर युरोपातल्या मोजणीप्रमाणे एका ग्रॅमला २.४ या हिशेबाने त्यातून सुमारे १०१ कॅलरी येतात आणि एकूण बेरीज ३९१ च्या आसपास जाते. वीस ग्रॅमच्या तुकड्यात जुन्या वडीत ९२ आणि नव्या वडीत ७८ कॅलरी असतात. फरक चौदाचा आहे, म्हणजे सुमारे १५ टक्के. ‘कमी कॅलरीची’ किंवा ‘लाइट’ असा तुलनात्मक दावा करायला सर्वसाधारणपणे २५ ते ३० टक्के घट लागते, त्यामुळे तो शब्द कायद्यानेही आपल्या हाती नाही. बहुतेक कॅलरी बदामाच्या आहेत आणि बदाम दोन्हीकडे तेवढाच आहे. फरक आहे तो साखरेचा: जुन्या तुकड्यात आठ ग्रॅमपेक्षा थोडी जास्त साखर घातलेली आहे, तर नव्या तुकड्यात तेवढेच माल्टिटॉल आहे. ज्याला साखर मोजून खायची आहे त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे आणि ज्याला वजन उतरवायचे आहे त्याच्या दृष्टीने किरकोळ आहे. ही गोष्ट दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला कळली पाहिजे.

माल्टिटॉलचे नाव मी मुद्दाम घेतले, कारण आपण काय बोलू शकतो हे गोडी कशाने आणली यावर बरेच अवलंबून आहे. माल्टिटॉलची गोडी साखरेच्या सुमारे ९० टक्के असते आणि ते वडीला साखरेसारखाच बांधा देते, म्हणून वडी-मिठाईवाले त्याला पसंती देतात. पण ते रक्तातली साखर वाढवतच नाही असे नाही. साखरेपेक्षा कमी वाढवते, इतकेच. शिवाय ते पूर्ण पचत नाही. चार तुकड्यांत सुमारे ३४ ग्रॅम जाते आणि एवढ्या प्रमाणाला अनेकांच्या पोटात गुरगुर सुरू होते. माझ्या त्या गृहस्थांच्या वडिलांचे नेमके हेच झाले होते. एरिथ्रिटॉल हे दुसरे गोडद्रव्य पोटाला बरेच सोसते आणि त्यात कॅलरीही जवळजवळ नसतात, पण त्याची गोडी साखरेच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच असते, जिभेवर थंडावा जाणवतो आणि वडी चार दिवसांत रवाळ होते. मी काही काळ दोन्हींचे मिश्रण वापरून पाहिले आणि शेवटी माल्टिटॉलवर परत आलो. आपली वडी वेगळ्या बांध्याची असेल तर आपला निष्कर्ष वेगळा निघू शकतो.

आरोग्याचे दावे टाळण्याचे आणखी एक कारण व्यावहारिक आहे. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेची गोडद्रव्ये वापरू नयेत, अशी सशर्त शिफारस केली. ती आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नव्हती आणि माल्टिटॉलसारखी द्रव्येही तिच्यात धरलेली नव्हती, पण वर्तमानपत्रातली बातमी वाचून दुकानात येणारा माणूस एवढा तपशील घेऊन येत नाही. त्याच वर्षी एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा एक अभ्यास गाजला. तो संबंध कार्यकारणाचा आहे हे त्यातून सिद्ध होत नव्हते, तरी लोक विचारायचेच. ज्यांनी पाटीवर ‘हृदयाला हितकर’ असे काही लिहिले होते त्यांना पाटी उतरवावी लागली असती. ‘साखर न घातलेली’ ही पाटी मात्र बातमी कोणतीही आली तरी खरीच राहते.

यावरून पाटीचा मजकूर जवळजवळ आपोआप ठरतो. माझ्या दुकानात दोन्ही ट्रेंसमोर एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या आणि एकाच अक्षरवळणाच्या पाट्या आहेत. एकीवर ‘बदाम वडी. बदाम, साखर. एक तुकडा २० ग्रॅम, ९२ कॅलरी’ असे आहे. दुसरीवर ‘बदाम वडी, साखर न घातलेली. बदाम, माल्टिटॉल. एक तुकडा २० ग्रॅम, ७८ कॅलरी. बदामात निसर्गतः असलेली साखर आहे. जास्त खाल्ल्यास पोट ढिले होऊ शकते’ असे आहे. जुन्या वडीसमोरही घटक आणि आकडे लिहिणे हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. फक्त नव्या वडीचीच माहिती दिली तर जुनीबद्दल काहीतरी लपवले जात आहे असे वाटते. दोघींची दिली की दोन्ही समान प्रतिष्ठेच्या वस्तू होतात आणि निवड ग्राहकाच्या हाती राहते. पोट ढिले होण्याची सूचना हा माझ्या नियमाला एकच अपवाद आहे, आणि ती काही ठिकाणी पाकिटावर कायद्यानेच द्यावी लागते. ती ट्रेवरही असावी, कारण सुट्या विक्रीत पाकीट ग्राहकाच्या हाती येतच नाही.

रंग आणि चिन्हे यांतही विशेषणे दडलेली असतात. हिरवी पाटी, पानाचे चित्र, हृदयाचे चित्र, मोजपट्टी गुंडाळलेली कंबर हे सगळे न लिहिलेले दावे आहेत आणि जुन्या वडीला ते लिहिलेल्या दाव्याइतकेच लागतात. नव्या प्रकारासाठी वेगळा ‘पथ्याचा’ कोपरा करू नये. तो कोपरा केला की बाकीचे अख्खे दुकान कुपथ्याचे होते.

मात्र दोन ट्रे शेजारी ठेवायचे तर एक खरा धोका सांभाळावा लागतो. दोन्ही वड्या इतक्या सारख्या दिसतात की गर्दीच्या वेळी विक्रेत्याच्या हातून अदलाबदल होते, आणि साखर टाळणाऱ्या माणसाला साखरेची वडी जाणे ही चूक दिलगिरीने भरून निघत नाही. म्हणून जुनी वडी चौकोनी आणि नवी लांबट कापावी. चिमटा आणि सुरी वेगळी ठेवावी, आणि नवी वडी दिवसातली पहिली, धुतलेल्या कढईत व्हावी. रंगाचा फरक फक्त मदतीपुरता धरावा. साखर पाकात किंचित तांबूस होते, माल्टिटॉल तसे होत नाही, म्हणून नवी वडी थोडी पांढुरकी दिसते. पण संध्याकाळच्या दिव्यात तो फरक ओळखू येत नाही.

पाटी कितीही काळजीपूर्वक लिहिली तरी काउंटरवरचे एक वाक्य ती पुसून टाकते. विक्रेता सहज म्हणतो, “ही घ्या काका, ही तब्येतीला चांगली,” आणि आपण महिनाभर केलेले काम संपते. मी विक्रेत्यांना पाठ करायला वाक्ये दिली नाहीत, कारण पाठ केलेले वाक्य ऐकणाऱ्याला लगेच कळते. मी त्यांना फक्त दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, कोणी विचारल्याशिवाय नवी वडी पुढे करायची नाही. विशेषतः ग्राहकाच्या अंगलटीकडे किंवा वयाकडे बघून तर कधीच नाही. एखाद्या स्थूल बाईंपुढे न मागता बिनसाखरेची वडी धरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. दुसरी, ग्राहकाने विचारले तर उत्तर घटकांनी सुरू करायचे.

एकदा मी गल्ल्यावर बसलो असताना झालेला संवाद असा होता. ग्राहकाने विचारले, “ही मधुमेहवाल्यांना चालते का हो?” आमच्या काउंटरवर काम करणारा मुलगा म्हणाला, “हिच्यात साखर घातलेली नाही काका, माल्टिटॉल आहे. एका तुकड्यात आठ ग्रॅमच्या वर जातं आणि त्यानेही थोडी साखर वाढते. किती चालेल ते डॉक्टरांना विचारा, पाटीचा फोटो काढून दाखवलात तरी चालेल.” ग्राहकाने पुढे विचारले, “मग दोन्हींतली चांगली कोणती?” इथे मुलगा क्षणभर अडखळला आणि म्हणाला, “मला विचाराल तर मी जुनीच खातो. माझ्या आईला साखर मोजावी लागते, तिच्यासाठी ही नेतो.” त्याला हे कोणी शिकवले नव्हते. त्याने वड्यांची तुलना केलीच नाही, खाणारी दोन माणसे सांगितली. ग्राहकाने दोन्ही वड्यांचे पाव-पाव किलो नेले.

चव द्यायची असेल तर दोन्ही तुकडे एकामागोमाग देऊन “सांगा, फरक कळतो का?” असे विचारू नये. फरक कळतो. माल्टिटॉलची गोडी थोडी कमी लागते आणि साखरेइतकी भरीव वाटत नाही. तुलनेची परीक्षा लावली की नवी वडी हरते आणि आपण खोटे बोलत होतो असे वाटते. परीक्षेत कोणाला फरक कळला नाहीच, तर मग साखरेची वडी कशाला ठेवली आहे, हा प्रश्न उभा राहतो. नवी वडी एकटी द्यावी आणि ती वेगळी लागते हे आधीच सांगावे. किमतीबाबतही हेच धोरण ठेवावे. माल्टिटॉल साखरेपेक्षा महाग पडते, म्हणून वडी महाग आहे, असे सरळ सांगावे. जास्त किंमत ही जास्त गुणांची खूण आहे असा समज होऊ देऊ नये.

आपल्या मांडणीतून जुन्या वडीची बदनामी होते आहे की नाही हे कसे ओळखावे, याबद्दल मी वहीतल्या बेरजेवर विसंबतो. फक्त जुन्या वडीचा खप पाहू नये, कारण तो थोडा घटणारच. दोन्हींची बेरीज पाहावी आणि ती मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडून पाहावी. समजा, आठवड्याला १०० किलो जुनी वडी जात होती. दोन महिन्यांनी जुनी ८८ आणि नवी २० किलो जाऊ लागली, तर बेरीज १०८ होते. काही जुने ग्राहक नवीकडे वळले, काही नवे आले, आणि यात काळजीचे काही नाही. पण जुनी ८० आणि नवी १२ अशी स्थिती असेल, तर बेरीज ९२ होते, म्हणजे आठ किलोचे ग्राहक दोन्ही वड्या सोडून गेले. दर, वजन आणि चव बदललेली नसताना असे झाले, तर पाटीवर किंवा बोलण्यात कुठेतरी विशेषण शिरले आहे असे मी समजतो आणि दोन दिवस काउंटरजवळ नुसता उभा राहून ऐकतो.

सोबत बिलांमध्ये एक खूण करावी. नवी वडी एकटी गेली की जुनीबरोबर गेली, एवढेच नोंदवावे. माझ्याकडे ती बहुतेक वेळा जुनीबरोबरच जाते, कारण घरात साखर टाळणारा एखादाच असतो आणि बाकीच्यांना नेहमीचीच हवी असते. हे लक्षात आल्यावर मी एकाच डब्यात दोन कप्पे करून घेतले. मधे जाड पुठ्ठ्याची भिंत, झाकणाच्या आतल्या बाजूला दोन्ही कप्प्यांची नावे, आणि नव्या वडीचा कप्पा लहान. ग्राहकांनी न मागता स्वीकारलेली या सगळ्यातली ही एकच गोष्ट. आपल्याकडे सुटी विक्री जास्त असेल तर या डब्याचा उपयोग कमी होईल, पण भेट म्हणून डबे जात असतील तर पाटीच्याही आधी तो करून घ्यावा.